ट्रेन टॉवरला ओलांडते तेव्हा फोनच्या आत काय होतं?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुंबईहून अहमदाबादला वंदे भारतने जात होता, सीटवर बसून नोकरीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू देत होता आणि पालघरच्या पुढे कुठेतरी कॉल तुटला. परत जोडला, परत तुटला. शेजारच्या काकांनी लगेच निदान केलं, "अरे, गाडी एवढी जोरात पळतेय, डॉप्लर शिफ्टने सिग्नल बिघडतोच!" तर याचा प्रश्न असा की काका बरोबर बोलले का?

मी एका ठिकाणी फोनच्या मोडेमचं सॉफ्टवेअर लिहितो, आणि याच डॉप्लरने एकदा माझे तीन आठवडे खाल्लेत. त्यामुळे आजचा एपिसोड फक्त यावर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग, थोडा नीट करून.

डॉप्लर म्हणजे काय हे तुम्हाला प्लॅटफॉर्मवर उभं राहून माहीत आहे. न थांबणारी फास्ट गाडी हॉर्न देत येते तेव्हा आवाज चढा लागतो, आणि समोरून निघून गेली की तोच हॉर्न एकदम उतरतो. हॉर्न बदलत नाही. गाडी जवळ येताना लाटा दाटीवाटीने पोचतात, लांब जाताना विरळ. ताशी 130 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 36 मीटर, आणि आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. म्हणजे हॉर्नचा सूर जवळजवळ दहाव्या भागाने सरकतो. एवढा फरक कुणाच्याही कानाला कळतो.

रेडिओ लहरी मात्र प्रकाशाच्या वेगाने जातात, सेकंदाला तीस कोटी मीटर. त्याच्यापुढे 36 मीटर म्हणजे काहीच नाही. हिशोब अगदी साधा आहे:

```
fd = v × f / c
   = 36 × 1800000000 / 300000000
   = 216 Hz
```

v गाडीचा वेग, f टॉवरची फ्रिक्वेन्सी (आपल्याकडे 4G साठी 1800 मेगाहर्ट्झ वापरतात, ती धरली), c प्रकाशाचा वेग. उत्तर आलं 216 हर्ट्झ. एकशे ऐंशी कोटींमध्ये दोनशे सोळा.

हे जास्त की कमी, ते कशावरून ठरवायचं? 4G मध्ये तुमचा डेटा एका जाड लहरीवर येत नाही, शेकडो बारीक लहरींवर वाटून येतो. त्यांना सबकॅरियर म्हणतात आणि दोन शेजाऱ्यांमध्ये 15,000 हर्ट्झचं अंतर असतं. फोन नेमक्या जागी ऐकत असेल तर शेजारच्या सबकॅरियरचा आवाज बरोबर शून्य होतो. थोडं बाजूला सरकून ऐकलं की शेजाऱ्याची कुजबुज आत झिरपायला लागते. 216 हर्ट्झ म्हणजे त्या अंतराच्या दीड टक्क्याच्याही आत, आणि इतक्या सरकण्याने झिरपणारी शक्ती हजारात एका भागाहूनही कमी भरते. थोडक्यात, काहीही दुरुस्ती केली नाही तरी व्हिडिओ कॉलला ते जाणवू नये.

आणि दुरुस्ती तर फोन करतोच. ती तो गाडीत बसला नसतानाही करतो, तुम्ही घरी सोफ्यावर असतानासुद्धा. कारण फोनच्या आतलं घड्याळ स्वस्त आहे. एका छोट्या क्रिस्टलच्या कंपनांवर ते चालतं आणि फोन तापला, गार झाला, जुना झाला की ते थोडं पुढेमागे होतं. दहा लाखांत दोन भागांची चूक धरली तरी 1800 मेगाहर्ट्झवर 3,600 हर्ट्झ होतात. म्हणजे वंदे भारतच्या डॉप्लरपेक्षा सोळापटीहून जास्त चूक तुमच्या खिशातच आहे! टॉवरचं घड्याळ मात्र फार अचूक असतं. म्हणून फोन चालू झाल्या झाल्या टॉवरचा सिग्नल ऐकतो आणि आपलं घड्याळ त्याला जुळवून घेतो, तबलजी मैफलीआधी पेटीच्या सुराला तबला लावून घेतो तसं. मग हे जुळवणं सतत, सेकंदाला कित्येकदा चालू राहतं. याला ऑटोमॅटिक फ्रिक्वेन्सी कंट्रोल म्हणतात, आम्ही नुसतं एएफसी म्हणतो.

इथे एक गंमत लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोनला कळतच नाही की फरक आपल्या क्रिस्टलमुळे आहे की गाडीच्या वेगामुळे. त्याला फक्त फरक दिसतो आणि तो फरक तो भरून काढतो. म्हणजे वेग स्थिर असेल, टॉवर लांब समोर असेल, तर डॉप्लर कितीही मोठा असो, एएफसी तो गिळून टाकतो.

अडचण कधी येते? गाडी टॉवरला ओलांडते तेव्हा.

जवळ येताना शिफ्ट अधिक, लांब जाताना उणे. मधे शून्यातून जावं लागतं. हा बदल किती झपाट्याने होतो ते गाडीच्या वेगापेक्षाही टॉवर रुळापासून किती लांब आहे यावर अवलंबून असतं. टॉवर शेतात अर्धा किलोमीटर आत असेल तर बदल सावकाश होतो. तो रुळाला चिकटून असेल तर जवळपास झटका बसतो.

मोबाइलची मानकं ठरवणारी 3GPP नावाची संस्था आहे. तिच्या 4G फोनच्या चाचण्यांमध्ये एक चाचणी खास बुलेट ट्रेनसाठी आहे. वेग ताशी 300 किलोमीटर, अँटेना रुळापासून फक्त 2 मीटरवर, जास्तीत जास्त शिफ्ट 750 हर्ट्झ. बोगद्यात भिंतीला अँटेना लावला तर जसं होईल, साधारण तसं.

आता त्या गाडीत बसा. वेग सेकंदाला 83 मीटर. अँटेना 20 मीटर पुढे आहे तोवर शिफ्ट जवळजवळ पूर्ण 750 आहे, सगळं शांत. अँटेना 2 मीटर पुढे राहिला की 530. बरोबर समोर आला की शून्य. 2 मीटर मागे पडला की उणे 530. अधिक 530 पासून उणे 530 पर्यंतच्या या चार मीटरना लागले 48 मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. आणि तेवढ्यात फोनने लावलेला सूर पार उलटा झालेला असतो.

माझे तीन आठवडे गेले ते इथेच.

मी एएफसीचा कोड लिहिला होता आणि संगणकावर बनवलेल्या खोट्या गाडीत तो तपासत होतो. त्या कोडचं काम समजायला अवघड नाही. प्रत्येक सबकॅरियरवर येणारा डेटा म्हणजे एक बाण समजा, त्याची लांबी आणि दिशा यात माहिती असते. अधूनमधून टॉवर असे बाण पाठवतो ज्यांची दिशा फोनला आधीच माहीत असते, त्यांना पायलट म्हणतात. घड्याळात फरक असेल तर एका पायलटपासून पुढच्या पायलटपर्यंत बाण थोडा फिरलेला दिसतो. किती फिरला त्यावरून फरक काढायचा. मी दर अर्ध्या मिलिसेकंदाने येणारे पायलट वापरत होतो:

```python
angle = np.angle(np.vdot(h0, h1))
fd = angle / (2 * np.pi * 0.5e-3)
```

h0 म्हणजे आधीचे पायलट, h1 नंतरचे. दोनच ओळी, आणि दोन्ही बरोबर आहेत.

चाचणी लावली. लांबचा टॉवर, उत्तम. ताशी 300, टॉवर 50 मीटर आत, उत्तम. 2 मीटरवाली चाचणी लावली, आणि अँटेना ओलांडल्यावर डेटा मेला. एकेक ब्लॉक चुकीचा. वैताग याचा की आकडे सगळे चांगले दिसत होते. सिग्नलची ताकद भरपूर, आणि माझा एएफसी छातीठोकपणे सांगत होता, "फरक शून्य, मी जुळलोय." मी ताकद तपासली, नॉइज तपासला, डीकोडरमध्ये चूक शोधली, डीकोडर लिहिणाऱ्या सहकाऱ्याशी थोडा वादही घातला. त्या वादाबद्दल नंतर त्याला मिसळ खाऊ घालावी लागली.

चूक कुठे होती ते बघा. बाणाचा कोन उणे 180 ते अधिक 180 अंशांतच मोजता येतो. बाण 190 अंश पुढे फिरला की 170 अंश मागे फिरला, दोन्ही दिसायला एकच. अर्ध्या मिलिसेकंदात 180 अंश म्हणजे 1,000 हर्ट्झ. त्यामुळे माझं मोजमाप अधिक-उणे 1,000 हर्ट्झपर्यंतच खरं होतं. मला वाटलं, कमाल शिफ्ट 750 आहे, मग चिंता कशाला? पण मोजायचा असतो तो नुसता डॉप्लर नाही, डॉप्लर आणि घड्याळ यांच्यातला फरक. घड्याळ अधिक 750 ला जुळलेलं, डॉप्लर उणे 750 कडे निघालेला. फरक 1,500 पर्यंत जाऊ शकतो!

माझा एएफसी मुद्दाम संथ ठेवला होता. नॉइजने दचकू नये म्हणून तो सरासरी काढत काढत सुमारे अर्ध्या सेकंदात जुळायचा. डॉप्लर मात्र दशांश सेकंदात उलटला. त्या घाईत फरक उणे 1,100 वर गेला की कोडला तो अधिक 900 दिसायचा. चिन्हच उलटं! मग एएफसी घड्याळ खाली आणण्याऐवजी वर चढवत सुटायचा, 750 वरून 900, 1,000, आणि शेवटी 1,250 ला जाऊन शांत व्हायचा. तिथे खरा फरक असायचा 2,000 हर्ट्झ, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदात बाणाची बरोबर एक पूर्ण गिरकी. प्रत्येक पायलटच्या वेळेला बाण आपल्या जागी हजर, आणि मधल्या काळात, जेव्हा खरा डेटा येतो, तेव्हा तो गरगर फिरतोय. फिरत्या पंख्याचा व्हिडिओ काढला की पाती कधी स्थिर, कधी उलटी फिरताना दिसतात ना, अगदी तेच. पायलटवरूनच ताकद मोजतात, म्हणून ताकदही छान दिसत होती.

उपाय दोन भागांत केला. पहिला म्हणजे आणखी कमी अंतरावर मोजणं. 4G च्या प्रत्येक सिम्बॉलमध्ये शेवटचा छोटा तुकडा कॉपी करून पुढे चिकटवलेला असतो, त्याला सायक्लिक प्रीफिक्स म्हणतात. तो खरं तर इमारतींवरून उशिरा येणारे प्रतिध्वनी सामावून घ्यायला आहे. पण मूळ तुकडा आणि त्याची कॉपी यांत फक्त 66.7 मायक्रोसेकंदांचं अंतर असल्यामुळे त्यांची तुलना करून 7,500 हर्ट्झपर्यंतचा फरक न फसता मोजता येतो. हे मोजमाप जाडंभरडं असतं, नॉइजने हलतं. पण मला त्याच्याकडून अचूक आकडा नकोच होता. त्याने एवढंच सांगायचं की पायलट म्हणतोय ते अधिक 900 खरं, की ते मुळात उणे 1,100 आहे. दोन हजारांचा फरक ओळखायला जाडं मोजमाप पुरतं. मग बारीक आकडा पायलटकडून घ्यायचा.

दुसरा भाग म्हणजे एएफसीचा स्वभाव बदलता ठेवणं. दोन्ही मोजमापं सलग काही वेळा "मोठा फरक" म्हणाली की सरासरी कमी करून झपाट्याने जुळवायचं, जुळलं की परत संथ. कायम चपळ ठेवून चालत नाही. सिग्नल अशक्त असताना चपळ एएफसी प्रत्येक नॉइजच्या मागे धावतो आणि साध्या, उभ्या फोनचा कॉल खराब करतो.

5G मध्ये हा त्रास बराच कमी आहे. तिथे फ्रिक्वेन्सीचा माग काढायला वेगळे पायलट असतात आणि ते जवळजवळ असतात. आपल्याकडच्या 3.5 गिगाहर्ट्झ 5G वर सबकॅरियरचं अंतर 30,000 हर्ट्झ असतं, आणि तिथे हे पायलट चार सिम्बॉलच्या अंतराने येतात, म्हणजे साधारण 143 मायक्रोसेकंद. 3,500 हर्ट्झपर्यंत फसगत नाही. फ्रिक्वेन्सी वाढल्याने डॉप्लरही वाढतो, ते खरंय, पण जागा त्याहून जास्त वाढली आहे.

आतापर्यंत आपण फोन ऐकतो त्याबद्दल बोललो. तो बोलतो तेव्हा काय? इथे टॉवरची बाजू जास्त कठीण आहे. फोनने आपलं घड्याळ सरकलेल्या सुराला लावलं, आणि त्याच घड्याळावरून तो उलट पाठवतो. समजा येताना 700 हर्ट्झ वर सरकलं होतं. फोन 700 वर चढूनच गातो, आणि जाताना वाटेत आणखी साधारण 700 वाढतात. टॉवरला मिळतात 1,400. म्हणून 3GPP च्या टॉवरसाठीच्या ताशी 350 च्या चाचणीत 1,340 हर्ट्झ धरलेत, फोनच्या चाचणीपेक्षा खूप जास्त. टॉवरला घड्याळ हलवूनही चालत नाही, कारण त्याच क्षणी स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाचा फोन शून्य शिफ्टने बोलतोय. त्याला प्रत्येक फोनचा फरक वेगळा मोजून वेगळा काढावा लागतो.

बुलेट ट्रेनच्या मार्गांवर अजून एक युक्ती वापरतात. रुळालगतचे अनेक अँटेना एकाच सेलसारखे वागवतात, सगळे तोच सिग्नल पाठवतात, म्हणजे फोनला सारखा सेल बदलावा लागत नाही. पण दोन अँटेनांच्या मधोमध असलेल्या फोनला तोच सिग्नल पुढून वर सरकलेला आणि मागून खाली सरकलेला असा एकदम मिळतो. एक घड्याळ दोन सुरांना कसं लावणार? एएफसी इथे हरतो. म्हणून 5G च्या मानकात, रिलीज 17 मध्ये, नेटवर्कनेच अँटेनाकडून सिग्नल आधी उलट सरकवून पाठवायची सोय आली आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन ताशी 320 ने धावायची आहे, आणि तिच्या वाटेवर 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून. तिथे अँटेना भिंतीलाच असणार. (बोगदा मुंबईच्या टोकाला आहे, म्हणजे गाडी तिथे पूर्ण वेगात नसेल. तरी मी पहिल्या दिवशी फोन घेऊन जाणार आहे.)

आता पालघरच्या कॉलकडे. काका चुकले, मंडळी. ताशी 130 ला 216 हर्ट्झ, आणि टॉवर अगदी रुळालगत असला तरी चिन्ह उलटल्यावर फरक 432 होतो. माझ्या त्या बावळट कोडनेसुद्धा हे निभावलं असतं. जास्त संशय दुसऱ्या दोन गोष्टींवर घ्या. एक म्हणजे डबा. धातूचं अंग आणि ऊन अडवायला थर दिलेल्या काचा, यांतून आत येताना सिग्नल सहज शंभरपट कमी होतो. दोन म्हणजे सेल बदलणं. दीड किलोमीटरवर टॉवर धरला तर दर 42 सेकंदांनी फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो, आणि सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये 1,128 सीट आहेत, म्हणजे शेकडो फोन जवळजवळ एकाच वेळी नव्या टॉवरचं दार ठोठावतात. एखाद्याचा निरोप वेळेत पोचला नाही की त्याचा कॉल लटकतो.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाका, आयफोनवर `*3001#12345#*` टाकून कॉल करा. तिथे RSRP नावाचा उणे आकडा दिसेल, ती टॉवरच्या पायलटची ताकद. आणि PCI दिसत असेल तर तो सेलचा नंबर. कॉल अडकला त्या क्षणी RSRP उणे 115 च्या खाली घसरला असेल तर दोष डब्याचा किंवा टॉवर लांब असल्याचा. RSRP ठीक आहे पण PCI नुकताच बदलला, तर सेल बदलताना गडबड झाली. आणि RSRP उणे 80 सारखा दणदणीत, PCI तोच, खिडकीतून टॉवर नुकताच मागे गेलेला दिसतोय, आणि तरी डेटा शून्य? असं ताशी 300 वर झालं तर मला नक्की कळवा. ताशी 130 वर झालं तर फोनमध्ये कुणीतरी माझा जुना कोड टाकलाय.

आणि हो, त्या श्रोत्याचा इंटरव्ह्यू परत लागलाय, या शुक्रवारी. यावेळी तो घरून देणार आहे.